दहावी सारांशलेखन: ६ गुण कसे वाटायचे? (मुद्दे, संक्षेप, स्वतःचे शब्द)

खडू_फळा

दहावीला मराठी शिकवते, कुमारभारती. कृतिपत्रिकेत प्रश्न ५ (अ) ला पत्रलेखन किंवा सारांशलेखन असा पर्याय असतो, ६ गुणांचा. सारांश करायचा तो प्रश्न १ (इ) मधल्या अपठित उताऱ्याचा, एक तृतीयांश आणि 'तुमच्या शब्दांत'. वर्गातली बहुतेक मुलं पत्राकडे पळतात, कारण पत्ता, विषय, मायना लिहिला की थोडे गुण खिशात. या वर्षी सराव परीक्षेत मी मुद्दाम पत्र काढून टाकलं आणि फक्त सारांश ठेवला. उतारा मीच लिहिला. गुणांची वाटणी अशी ठरवली: मुद्दे ३, संक्षेप १, स्वतःचे शब्द २.

मग घोळ झाला. दुसऱ्या तुकडीच्या बाईंनी आणि मी तेच तीन पेपर वेगवेगळे तपासले आणि आमचे गुण अजिबात जुळले नाहीत. आधी उतारा देते, मग उत्तरं.

"मीठ आपल्या ताटात रोज असते, पण ते कसे तयार होते याचा विचार आपण क्वचितच करतो. कोकणच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत साठवून मिठाचे उत्पादन घेतले जाते. हे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे फिरवले जाते. ऊन आणि वारा यांमुळे त्याचे बाष्पीभवन होत जाते, ते अधिकाधिक खारट होते आणि शेवटच्या वाफ्यात मिठाचे स्फटिक तळाशी बसतात. मग आगरातले मजूर लांब दांड्याच्या फावड्याने मीठ ओढून बांधावर त्याचे ढीग करतात. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभे राहिल्याने त्यांच्या पायांना भेगा पडतात, जखमा लवकर भरत नाहीत आणि पांढऱ्या मिठावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळ्यांना त्रास होतो. हा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि पुढचा पाऊस येईपर्यंतच चालतो. मध्येच अवकाळी पाऊस झाला, तर वाफ्यातले तयार मीठ विरघळते आणि कित्येक आठवड्यांची मेहनत पाण्यात जाते. एवढे करून मजुराच्या हाती शेवटी पडते ती मात्र तुटपुंजी मजुरीच."

शब्द १२६, म्हणजे सारांश ४२ चा. आता मुलांची उत्तरं, जशीच्या तशी. (शुद्धलेखन तेवढं मी सुधारलंय.)

पहिला विद्यार्थी: "कोकणच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत साठवून मिठाचे उत्पादन घेतले जाते. ऊन आणि वारा यांमुळे त्याचे बाष्पीभवन होत जाते आणि शेवटच्या वाफ्यात मिठाचे स्फटिक तळाशी बसतात. मजूर खाऱ्या पाण्यात उभे राहिल्याने त्यांच्या पायांना भेगा पडतात. अवकाळी पाऊस झाला, तर तयार मीठ विरघळते. मजुराच्या हाती पडते ती तुटपुंजी मजुरीच."

दुसरा: "कोकणच्या तटावर मोठ्या भरतीचे जल उथळ वाफ्यांत जमवून मिठाचे उत्पन्न घेतले जाते. सूर्य आणि वारा यांमुळे त्याची वाफ होत जाते आणि अखेरच्या वाफ्यात मिठाचे खडे तळाला बसतात. कामगारांच्या पावलांना चिरा पडतात. मध्येच बिगरमोसमी पाऊस झाला, तर तयार मीठ वितळते."

तिसरी: "समुद्राचे पाणी उथळ वाफ्यांत खेळवून उन्हा-वाऱ्याने आटवले की मीठ हाती येते. पावसाळ्यात हे काम बंद असते आणि अवेळी पाऊस आला तर तयार मीठही विरघळते. आगरात राबणाऱ्यांच्या पायांचे आणि डोळ्यांचे हाल होतात. मोबदला मात्र थोडाच."

मी दिले साडेतीन, चार आणि पाच. बाईंनी दिले पाच, साडेचार आणि साडेतीन! तिसरीचं उत्तर त्यांना 'अपुरं' वाटलं, चार छोट्या वाक्यांत संपवलंय म्हणून. पहिल्याचं 'भरीव'. वाटणी एकच असून असं का होतं?

गोदाकाठ

कारण वाटणी कागदावर आहे, डोक्यात नाही :) बाईंनी आधी उत्तर वाचलं, एकंदर बरं वाटलं म्हणून पाच ठरवले आणि मग ते पाच तीन खणांत बसवले. मीही वर्षानुवर्षं हेच केलंय, खोटं कशाला बोलू.

दोन_मुलांची_आई

माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या बाई कवितेचा सारांश लिहायला सांगतात आणि त्यात अलंकार, भाषा, आवडलेली ओळ सगळं हवं म्हणतात. ते पण एक तृतीयांशच ना? कविता तर बारा ओळींची आहे, चार ओळींत अलंकार कसा बसवायचा?

गोदाकाठ

ताई, ते रसग्रहण. त्याला एक तृतीयांश वगैरे लागू नाही, उलट ते कवितेपेक्षा मोठंच होतं. इथे चाललंय ते गद्य उताऱ्याचं. बाईंनी 'सारांश' हा शब्द सैल वापरलेला दिसतो.

तळटीप

निवृत्त आहे, बरीच वर्षं पेपर तपासले. खडू_फळा ताई, तुमचा उतारा चांगला आहे, पण वाटणीत एक कच्चा दुवा आहे. मुद्द्यांना ३ गुण म्हणता, पण उताऱ्यात मुद्दे किती, हे तपासायला बसण्याआधी दोघींनी मिळून लिहून काढलं होतं का?

खडू_फळा

मी पाच काढले होते. भरतीचं पाणी वाफ्यांत घेणं, ते आटून मीठ बनणं, मजुरांचा त्रास, पावसामुळे हंगाम आणि नुकसान, कमी मजुरी. बाईंना यादी दाखवली नव्हती, उतारा तर समोरच आहे असं वाटलं.

तळटीप

हेच. पाच मुद्दे आणि तीन गुण म्हटलं की एका मुद्द्याला किती द्यायचे याचा हिशेब बसत नाही आणि तपासणारा अंदाजावर येतो. तुमच्या चौथ्या मुद्द्यात खरं तर दोन गोष्टी आहेत. काम पावसाळ्याबाहेरच चालतं, ही एक. मध्येच पाऊस आला तर झालेलं मीठ जातं, ही दुसरी. मुलगा एक लिहून दुसरी सोडू शकतो. पहिल्या विद्यार्थ्याने तसंच केलंय बघा: अवकाळी पाऊस आहे, हंगाम नाही. ते वेगळे करा म्हणजे सहा मुद्दे होतात, प्रत्येकी अर्धा गुण, तीन बरोबर.

मग तपासताना पेपर तीनदा वाचायचा. पहिल्या वाचनात भाषेकडे बघायचंच नाही, फक्त समासात मुद्द्याचा आकडा घालायचा. पहिल्याला १, २, ५, ४, ६ असे आकडे मिळतात (मी मजुरांच्या त्रासाला ५ धरलाय), म्हणजे अडीच. दुसऱ्याला १, २, ५, ४, म्हणजे दोन. त्याने हंगाम आणि मजुरी दोन्ही गाळली. तिसरीला सहाच्या सहा, म्हणजे तीन. इथपर्यंत वाद होऊच शकत नाही आणि निम्मे गुण इथेच ठरतात.

गोदाकाठ

वाद होऊ शकतो सर. पहिल्याने त्रास म्हणून फक्त पायाच्या भेगा लिहिल्या. उताऱ्यात भेगा, जखमा, डोळे अशी तीन उदाहरणं आहेत. मुद्दा आहे 'शरीराचे हाल'. एक उदाहरण उचललं म्हणजे मुद्दा आला का?

तळटीप

बरोबर पकडलंत. कडक तपासणारा देणार नाही. तिसरीने 'पायांचे आणि डोळ्यांचे हाल' म्हणून गाठोडं बांधलंय, तिला मुद्दा कळला हे उघड आहे. भेगा लिहिणाऱ्याला कळला असेल किंवा नसेल. मी दहावीला हा अर्धा गुण देतो, माझा हात इथे सैल आहे. पण जे काही कराल ते पहिल्या पेपरला ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

आगरातला

उरणकडचा आहे. आजोबांचं आगर होतं, लहानपणी तिथेच वाढलो म्हणून राहवलं नाही. बाई, उताऱ्यात दोन गोष्टी खटकल्या. मीठ ओढायला फावडं नसतं. लांब दांडा आणि पुढे आडवी फळी असते, लाकडाची. फावड्याने ओढलं तर तळाचा चिखल मिठात येईल, सगळं काळं. आणि 'मिठाचे उत्पादन घेतले जाते' वगैरे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. आमच्याकडे मीठ पिकतं. यंदा मीठ चांगलं पिकलं, असंच म्हणतात. आजीच्या पायाच्या भेगांत मीठ जायचं तेव्हा ती रात्री पाय तेलात चोळून बसायची, तेवढं मात्र बरोबर लिहिलंत.

खडू_फळा

मनापासून आभार! पुढच्या वेळी 'लांब दांड्याच्या आडव्या फळीने' लिहिते. म्हणजे उतारा १२७ शब्दांचा होईल आणि एक तृतीयांश ४२ पूर्णांक एक तृतीयांश :) आणि 'पिकतं' फारच सुंदर. एखाद्या मुलाने सारांशात 'मीठ पिकवतात' लिहिलं तर स्वतःच्या शब्दांचे पैकीच्या पैकी.

ध्येयवेडा_२७

यूपीएससी मुख्य परीक्षेच्या अनिवार्य मराठीच्या पेपरात हाच प्रश्न ६० गुणांना असतो, त्यामुळे मला हा प्रकार नीट माहीत आहे. नियम स्पष्ट आहेत: एक तृतीयांश, स्वतःच्या शब्दांत, आणि शीर्षक द्यायचं नाही. शीर्षक दिलं तर गुण कापा. शब्द ४२ म्हणजे ४२, एक जरी वर गेला तरी कापा. तिसरीने ३४ च लिहिलेत म्हणजे तिनेही सूचना पाळली नाही, तिचेही कापायला हवेत. तुमच्या बाई बरोबर आहेत.

तळटीप

तिथल्या प्रश्नात शीर्षक देऊ नका असं छापलेलंच असतं, म्हणून तिथे नाही द्यायचं. शालेय प्रश्नात तसं छापलेलं नसेल तर शीर्षक दिल्याबद्दल गुण कापायला आधार काय? मागितलं नाही म्हणून द्यायचे नाहीत, दिलं म्हणून कापायचेही नाहीत. शिवाय त्याच प्रश्नात 'सुमारे' एक तृतीयांश असतं, हेही विसरू नका.

ध्येयवेडा_२७

शीर्षकाचं मान्य. पण मर्यादेला खालची बाजूही हवीच. नाहीतर मुलं दोन ओळी लिहून मोकळी होतील.

खडू_फळा

मीही तेच ठरवलं होतं! दहा टक्के इकडे तिकडे, म्हणजे ३८ ते ४६. त्यामुळेच तिसरीचा संक्षेपाचा अख्खा गुण गेला, माझ्याकडेही. आणि पहिल्याचे ४९ शब्द, तोही बाहेर. त्याला मी अर्धा दिला, का ते आता आठवत नाही. बहुतेक अक्षर छान आहे म्हणून.

तळटीप

मग विचार करा. तिसरीने सहाही मुद्दे ३४ शब्दांत आणले. संक्षेप म्हणजे तरी दुसरं काय? जिने ते सगळ्यांत चांगलं केलं तिचाच संक्षेपाचा गुण कापायचा? खालची सीमा ठेवायची गरजच नाही, कारण कमी लिहिणाऱ्याचे मुद्दे आपोआप गळतात आणि त्याचे गुण पहिल्या खणात जातात. ध्येयवेडांचा दोन ओळींवाला मुलगा सहा मुद्दे दोन ओळींत आणूच शकणार नाही. आणलेच तर त्याला नमस्कार करा. खालची सीमा लावली की एकाच चुकीबद्दल दोनदा गुण जातात, आणि चूक नसतानाही एकदा जातो.

वरची सीमा मात्र हवी. तुमच्या उताऱ्याला मी ४६ पर्यंत पूर्ण, ४७ ते ५० अर्धा, ५० च्या पुढे शून्य असं धरलं असतं. पहिल्याला त्यामुळे अर्धा मिळेल, अक्षराचा त्यात संबंध नाही.

चिंचेचं_झाड

एक बाळबोध शंका. शब्द मोजायचे कसे? 'उन्हा-वाऱ्याने' एक की दोन? 'केले जाते' दोन, पण 'करतात' एक, म्हणजे कर्मणी लिहिणाऱ्याचं नुकसान? माझा भाचा परीक्षेत बोटं मोडत शब्द मोजत बसला आणि त्याचा निबंध राहिला. आठ गुणांचा निबंध!

गोदाकाठ

मुलांना मोजायला सांगूच नका. छापील उताऱ्याच्या मधल्या तीन ओळींचे शब्द मोजायचे, सरासरी काढायची, ओळींनी गुणायचं आणि तीनने भागायचं. मग आपल्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात हे प्रत्येकाला सरावाने माहीत असतंच. कुणाला सात, कुणाला नऊ. सातवाल्याला ४२ शब्द म्हणजे सहा ओळी. संपलं. जोडशब्दाला मी एकच धरतो. आणि कर्मणीचं नुकसान होतं तर होऊ दे, 'घेतले जाते'चं 'घेतात' केलं की शब्दही वाचतो आणि वाक्यही सुधारतं.

खडू_फळा

हे उद्याच वर्गात घेते. आता तिसरा खण, स्वतःचे शब्द. माझं खरं भांडण इथेच आहे. दुसऱ्या मुलाने मेहनत घेतलीय हो. किनारा काढून तट, पाणी काढून जल, साठवून काढून जमवून. बाई म्हणतात त्याने प्रत्येक शब्द बदललाय, दोनपैकी दोन द्या. मला ते देववत नाहीत, पण कारण सांगता येत नाही.

तळटीप

कारण असं की त्याने शब्द बदलले, वाक्य बदललं नाही. त्याचं पहिलं वाक्य उताऱ्याच्या वाक्यावर ठेवून बघा. बारा शब्द तिथे, बारा इथे, त्याच क्रमाने, चार जागी फक्त सुटे भाग बदललेत. असं करायला उतारा कळावा लागत नाही, समानार्थी शब्द पाठ असले की पुरे. आणि न कळता शब्द बदलला की काय होतं ते शेवटच्या ओळीत दिसतं: 'मीठ वितळते'. मीठ पावसात विरघळतं. वितळायला ते भट्टीत घालावं लागेल. 'जल' आणि 'पावलांना चिरा' हे चुकीचं नाही, पण तसं कुणी बोलत नाही.

तिसरीकडे 'विरघळते' उताऱ्यातलाच शब्द आहे. 'वाफे', 'आगर', 'मीठ', 'पाऊस' हेही. तरी उत्तर तिचं आहे, कारण तिने तीन वाक्यांतली गोष्ट एका वाक्यात आणली. साठवणं, फिरवणं, बाष्पीभवन, स्फटिक या सगळ्याचं 'पाणी खेळवून आटवले की मीठ हाती येते' एवढंच केलं. 'खेळवून' हा शब्द उताऱ्यात नाही, पण पाणी वाफ्यातून वाफ्यात फिरतं हे त्यात येतं. शिवाय क्रमही बदलला, हंगाम आणि पाऊस वर आणून मजुरांच्या दोन गोष्टी शेवटी एकत्र केल्या. उताऱ्यात त्या एकमेकींपासून लांब पडल्या होत्या.

म्हणून या खणात मी तीनच पायऱ्या ठेवतो. वाक्यं उचललेली असतील तर ०. सांगाडा तोच आणि शब्द बदललेले असतील तर १. वाक्य नव्याने रचलेलं असेल तर २. विषयाचे शब्द, ज्यांना दुसरा शब्दच नाही, ते मोजायचेच नाहीत. तुमच्या तीन पेपरांना ०, १, २. बेरीज: पहिला अडीच, अर्धा, शून्य म्हणजे ३. दुसरा दोन, एक, एक म्हणजे ४. तिसरी ६.

गोदाकाठ

भाषेत सहापैकी सहा! आमच्या शाळेत मॉडरेटर बेशुद्ध पडतील.

तळटीप

पडू द्या, पाणी मारू.

भूगोलाचा_सर

मराठीचा नाही, तरी बोलतो. पहिल्याने एक शब्द स्वतःचा लिहिला नाही आणि त्याला ६ पैकी ३. म्हणजे नक्कल करून पन्नास टक्के. हे तुम्हाला चालतं? माझ्या मते नक्कल केलेल्या वाक्यातला मुद्दा धरूच नये. त्याला तो कळला याचा पुरावा काय?

तळटीप

निवड हा पुरावा आहे, अर्धा का होईना. नऊ वाक्यांतून त्याने नेमकी पाच उचलली. पहिलं, मीठ ताटात असतं वालं, बरोबर सोडलं. फळीने ढीग करण्याचं सोडलं. 'अधिकाधिक खारट'ही मधून काढून टाकलं. ज्याला कळलंच नाही तो पहिल्या वाक्यापासून सुरू करतो आणि ४२ शब्द झाले की थांबतो. त्याचे दीड-दोन मुद्दे येतात. त्या मुलाला आणि याला सारखं धरायचं का?

भूगोलाचा_सर

सारखं नको. पण ३ जास्त वाटतात. तुमच्याच हिशेबाने ज्याने 'वितळते' लिहून चूक केली त्याला ४, ज्याने बरोबर शब्द ठेवला त्याला ३. विज्ञानाच्या पेपरात 'मीठ वितळते'ला मी शून्य दिलं असतं.

तळटीप

हा प्रश्न मी अनेक वर्षं वागवतोय आणि माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. 'मीठ वितळते'मध्ये पावसाने मीठ जातं हा मुद्दा पोचतो, म्हणून अर्धा गुण मी दिला. तुम्ही तो कापलात तर मी भांडणार नाही, मग त्याचे साडेतीन होतील. काही जण मुद्द्यांचे तीनऐवजी दोन करून स्वतःच्या शब्दांना तीन देतात, म्हणजे नक्कल करणारा आपोआप खाली जातो. मी ते करून बघितलं. मग ज्यांना मराठी घरी बोलायला मिळत नाही ती मुलं मार खातात. कळलेलं असतं, पण वाक्य नव्याने रचता येत नाही.

चिंचेचं_झाड

शुद्धलेखन कुठे गेलं? तिन्ही खणांत ते नाहीच.

खडू_फळा

बाईंनी त्याचेही अर्धे कापले होते, संक्षेपाच्या खणातून! मी विचारलं तर म्हणाल्या, कुठून तरी कापायलाच हवेत ना.

गोदाकाठ

आमच्याकडे चार ठळक चुकांच्या वर एकूणातून अर्धा, असं बोर्डावर लिहूनच ठेवलंय. पण ते शाळेपुरतं. ताई, एक वेगळी गोष्ट सांगतो, कदाचित तुमच्याही वर्गात असेल. हा उतारा प्रश्न १ (इ) मध्ये आधी येतो आणि त्यावर चार गुणांच्या कृती असतात. चौकटी पूर्ण करा, कोण ते लिहा वगैरे. मुलं त्या आधी सोडवतात. मग सारांश लिहायला बसली की चौकटीत भरलेलं सगळं सारांशात आणून टाकतात, कारण ते 'महत्त्वाचं' म्हणून डोक्यात बसलेलं असतं. मिठाच्या उताऱ्यावर 'मीठ ओढण्याचे साधन' अशी चौकट असती तर अर्ध्या वर्गाच्या सारांशात फावडं आलं असतं.

आगरातला

फळी.

गोदाकाठ

फळी, फळी. चुकलो दादा.

खडू_फळा

अगदी हेच झालंय! माझ्या कृतींत 'मजुरांना होणारे त्रास लिहा' असा प्रश्न होता, दोन गुणांना. चाळीसपैकी तीस पेपरांत तरी भेगा, जखमा, डोळे तिन्ही सारांशात आहेत आणि शब्द तिथेच संपलेत. मजुरीचा मुद्दा शेवटच्या वाक्यात होता, तो बऱ्याच जणांनी सोडला. मला वाटलं होतं लक्ष नाही पोरांचं.

तळटीप

मग पुढच्या वेळी सारांश दुसऱ्या दिवशी घ्या, कृतींशिवाय, आणि उतारा वाचायला दिल्यावर पाच मिनिटांनी काढून घ्या. उतारा समोर नसला की उचलायला वाक्यं नसतात. मुलं आधी घाबरतात. दोन-तीनदा केलं की 'मीठ पिकवतात'सारखे शब्द आपोआप यायला लागतात. परीक्षेत उतारा समोरच असणार, पण तिथेही पान उलटं करून लिहायची सवय लागते.

ध्येयवेडा_२७

हे मी करून बघणार. आमच्या पेपरात उतारा बराच मोठा असतो, पाठ होणार नाही, पण परिच्छेदाला एक ओळ समासात लिहून मग पान झाकता येईल.

दोन_मुलांची_आई

रसग्रहणाचा वेगळा धागा आहे का इथे? लिंक द्या कोणीतरी.

खडू_फळा

आज बाईंबरोबर बसून आणखी दहा पेपर तपासले, आधी सहा मुद्द्यांची यादी मध्ये ठेवून. मुद्द्यांत दहापैकी नऊ जुळले. संक्षेपात सगळे जुळले. स्वतःच्या शब्दांत चार पेपरांवर अडलो आणि चारही ठिकाणी प्रश्न एकच होता, १ की २. एका मुलीने लिहिलंय, "समुद्र वाफ्यांत कोंडून ठेवतात आणि ऊन त्याचे पाणी पिऊन टाकते, मीठ मागे ठेवते." बाई म्हणतात ही सारांशाची भाषा नाही, निबंधाची आहे, १. मी २ दिलेत. पेपर अजून टेबलावर आहे, तिच्या नावापुढे दोन्ही आकडे पेन्सिलीने लिहून ठेवलेत.